गेम मोड लावला की चित्र निळं का पडतं

पुण्यात सिंहगड रोडवरच्या एका फ्लॅटमधला हा टीव्ही संच. ५५ इंची, ४के, व्हीए पॅनेल, ६० हर्ट्झ, आणि त्याला जोडलेला पीएस ५ कन्सोल. तक्रार दोन वाक्यांची होती. Standard वर चित्र झकास दिसतं, पण बटण दाबल्यावर गेममधला गडी जरा विचार करूनच उडी मारतो. Game वर उडी लगेच बसते, पण चित्र निळसर, फिकट आणि डोळ्यांत खुपणारं होतं.

दोन्ही वाक्यं खरी आहेत. मात्र त्यावरून बहुतेक लोक जो अर्थ काढतात तो चुकीचा आहे. वेग हवा तर चित्राची किंमत मोजावीच लागते, असा तो अर्थ. टीव्हीला वेळ कशात लागतो हे एकदा नीट कळलं की चित्रातलं काय परत मिळवता येतं आणि काय नाही, याचा उलगडा आपोआप होतो.

कन्सोलकडून चित्र ओळीओळीने येतं. ४के, ६० हर्ट्झला एक पूर्ण फ्रेम यायला १६.७ मिलिसेकंद लागतात आणि त्यातली एक ओळ साधारण साडेसात मायक्रोसेकंदांची असते. आता टीव्ही त्या चित्रावर जी कामं करतो त्यांचे तीन गट पडतात. रंगाचं तापमान, गॅमा, कॉन्ट्रास्ट, रंगाचा गडदपणा ही कामं एकेका पिक्सेलवर होतात. पिक्सेल आला, आकडा बदलला, पुढे गेला, त्यामुळे वेळ जवळपास शून्य. शार्पनेसला शेजारच्या दोन-चार ओळी हातात लागतात, म्हणजे काही मायक्रोसेकंद. पण हालचाल गुळगुळीत करण्याचं काम वेगळं आहे. दोन फ्रेमच्या मधली नवी फ्रेम काढायची तर दुसरी फ्रेम आधी यायला हवी. टीव्ही तिची वाट पाहतो आणि तोवर पहिली अडवून धरतो. मागच्या-पुढच्या फ्रेमशी ताडून चित्रातला दाणेदार गोंगाट काढण्याचाही हाच प्रकार. अशा दोन-चार पायऱ्या एकामागे एक लागल्या की शंभर मिलिसेकंद कुठे गेले ते कळत नाही.

गेम मोड हा तिसरा गट बाजूला काढतो. पहिल्या दोन गटांना हात लावायची त्याला तांत्रिक गरजच नसते. तरी चित्र बिघडतं, कारण कारखान्यातून गेम मोडची चौकट बहुधा थंड रंग, चढवलेला शार्पनेस, उचललेला काळा आणि वीजबचत चालू अशीच येते. Standard मध्ये वर्षभर हळूहळू जे जुळवलं असतं ते तिकडे जात नाही. ते वेगळं कपाट आहे आणि आपण ते कधी उघडलेलंच नसतं.

पटकन बदल करत सुटण्याआधी मोजून घ्यायला हवं, नाहीतर पुढे प्रत्येक सेटिंगबद्दल नुसत्या शंका उरतात. त्यासाठी यंत्र लागत नाही. फोनचा २४० फ्रेमचा स्लो मोशन पुरतो, त्यातली एक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची. फोन पुस्तकांच्या चवडीला टेकवून ठेवायचा. कंट्रोलर टीव्हीसमोर असा धरायचा की अंगठा आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील. पीएस ५ च्या Settings च्या यादीत खाली जाणारं बटण दाबायचं आणि निवडीची पट्टी हलते तो क्षण पाहायचा. होम स्क्रीनवर हे करू नये, तिथले चौकोन सरकत फुलत येतात आणि हालचाल नेमकी कधी सुरू झाली ते ठरत नाही.

पहिल्या प्रयत्नात व्हिडिओभर काळे पट्टे आले. ते टीव्हीचे नव्हते, छतावरच्या एलईडीचे होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो. डोळ्याला ते दिसत नाही, २४० फ्रेमच्या कॅमेऱ्याला दिसतं. दिवे बंद केले, बाल्कनीचा पडदा अर्धा उघडला, दुपारचा उजेड अंगठ्यावर पडू दिला आणि काम झालं. व्हिडिओ संगणकावर व्हीएलसीमध्ये उघडायचा आणि E दाबत एकेक फ्रेम पुढे न्यायचा. बटण तळाला टेकलं ती फ्रेम शून्य, पट्टी हलली ती शेवटची. दहा वेळा दाबून सरासरी काढायची, कारण एखाद-दुसऱ्या फ्रेमची चूक होतेच. काही फोन २४० म्हणतात, पण मधल्या फ्रेम स्वतःच बनवून भरतात. बोटाची कड दोन ठिकाणी पुसट दिसली तर तो फोन या कामाचा नाही.

दरवेळी यादीतली तीच ओळ वापरायची, हेही महत्त्वाचं. पडदा वरून खाली रंगतो, म्हणून वरच्या कडेला दिसणारा बदल खालच्या कडेपेक्षा जवळपास एक फ्रेम, म्हणजे १६ मिलिसेकंद आधी दिसतो. जागा बदलली तर आकड्यांत तीन-चारचा फरक असाच पडेल आणि दोष भलत्याच सेटिंगवर जाईल. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडून Accessories मध्ये Communication Method ला Use USB Cable निवडलं, म्हणजे ब्लूटूथची चंचलता हिशेबातून गेली.

Standard मध्ये सरासरी ३९ फ्रेम आल्या, म्हणजे सुमारे १६३ मिलिसेकंद. Game मध्ये १८, म्हणजे ७५. या आकड्यांत कंट्रोलरचा आणि कन्सोलचा वेळही धरलेला आहे, त्यामुळे '७५ मिलिसेकंद हा टीव्हीचा लॅग' असं म्हणता येत नाही. खात्रीचा आहे तो फरक: २१ फ्रेम, म्हणजे ८७ मिलिसेकंद. तेवढे एकटा टीव्ही खात होता. ६० हर्ट्झच्या गेममध्ये हा पाच फ्रेमचा उशीर आहे, तेव्हा गडी विचार करून उडी मारतो ही तक्रार अगदी रास्त होती.

मग एक आवडता उपाय तपासला, कारण तो जवळजवळ प्रत्येक जण सुचवतो: गेम मोड नकोच, Movie मध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारं आणि गोंगाट काढणारं सगळं हाताने बंद करायचं. करून पाहिलं तर ३० फ्रेम आल्या. Standard पेक्षा बरं, पण गेम मोडपेक्षा ५० मिलिसेकंद जास्तच. मेनूत बंद केलेली गोष्ट म्हणजे रस्त्यातून काढलेली गोष्ट नव्हे. चित्र त्याच लांबच्या वाटेने जातं, फक्त मधल्या टपरीवर चहा घेत नाही. वाट बदलते ती गेम मोडनेच. म्हणून चित्र Movie मध्ये वेगवान करायचं नाही, गेम मोडमध्ये सुंदर करायचं.

आधी केबल. या फ्लॅटमध्ये कन्सोल टीव्हीपासून लांब, बाजूच्या कपाटात होता आणि भिंतीतल्या पाइपमधून बांधकामाच्या वेळी टाकलेली पाच मीटर एचडीएमआय केबल टीव्हीपर्यंत आली होती. टीव्हीच्या त्या इनपुटवर वाढीव एचडीएमआय चालू करायचं असतं. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय. सोनीमध्ये HDMI signal format मध्ये Enhanced format, सॅमसंगमध्ये Input Signal Plus, एलजीमध्ये HDMI Deep Colour. ते बंद असेल तर ४के, ६० हर्ट्झचं एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला असलेलं चित्र, त्या इनपुटवर येतच नाही आणि कन्सोल निमूटपणे खालचा सिग्नल पाठवतो. ते चालू करताच इथे दर पाच-दहा मिनिटांनी पडदा दोन सेकंद काळा होऊ लागला आणि गडद दृश्यांत पांढरे ठिपके चमकायला लागले. टीव्ही बिघडलाय असंच वाटतं. कन्सोलची मूळ केबल थेट लावून पाहिली, दोन्ही त्रास गेले. ४के, ६० हर्ट्झ एचडीआरला १८ गिगाबिटचा मार्ग लागतो आणि भिंतीतली जुनी केबल तेवढी ओढत नव्हती.

त्या पाइपमधून नवी केबल ओढायचा खटाटोप केला नाही, एचडीएमआयचं रुंद डोकं पाइपच्या वळणावर अडकतं. कन्सोलच टीव्हीखालच्या फळीवर आणला. लांब केबल घ्यायचीच असेल तर तपकीर गल्लीत हव्या त्या लांबीची मिळते, पण खोक्यावर Ultra High Speed चं क्यूआर असलेलं लेबल आहे का ते पाहूनच घ्यावी. केबलवर नुसतं '८के' छापलेलं असण्याला काही अर्थ नाही. आणि लॅगशी केबलचा संबंध नाही, हेही इथेच सांगून टाकू. केबल चित्र देते किंवा देत नाही, उशिरा देत नाही.

कन्सोल काय पाठवतोय ते Settings, Screen and Video, Video Output, मग Video Output Information मध्ये दिसतं. अशा ६० हर्ट्झच्या संचावर साधं चित्र असताना RGB आणि एचडीआर असताना YUV422 दिसलं तर सगळं ठीक. YUV420 दिसलं तर रंगाचा तपशील अर्ध्याहून कमी झालाय. तो कुठे दिसतो? गडद पार्श्वभूमीवरच्या बारीक लाल अक्षरांत. त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि आपण उगाच शार्पनेस चढवत बसतो. बरं, तिथेच एएलएलएमची सोयही आहे. ती Automatic ठेवली की गेम सुरू झाल्यावर कन्सोल टीव्हीला कळवतो आणि टीव्ही आपणहून गेम मोडमध्ये जातो. संचाला ते कळत नसेल तर त्या इनपुटवर Game हाताने कायमचं लावून ठेवायचं, काही बिघडत नाही.

आता चित्र. पहिलं रंगाचं तापमान, कारण निळेपणा सगळा तिथेच होता. Game मध्ये ते Cool वर होतं. ते Warm केलं. काही संचांत Warm 1, Warm 2 असतं, तिथे सर्वांत उबदार. मानक पांढरा ६५०० केल्व्हिनचा आणि त्याच्या जवळ बहुधा हीच पायरी जाते. पहिल्या दिवशी पडदा पिवळट वाटतो. हा डोळ्याचा तुलनेतला दोष आहे, दोन-तीन दिवसांत जातो आणि मग परत Cool लावलं तर ट्यूबलाइटखाली बसल्यासारखं वाटतं. मोजलं: १८ फ्रेम.

मग उजेड. इथे नावांचा घोटाळा आहे आणि चित्र फिकट होण्याचं मोठं कारण तोच. बहुतेक संचांत पडद्यामागचा दिवा कमी-जास्त करणारी पट्टी Backlight, आणि Brightness म्हणजे काळा किती काळा. सोनीमध्ये उलटं: Brightness म्हणजे दिवा आणि काळ्यासाठी Black level. पुण्यातल्या बऱ्याच हॉलमध्ये टीव्हीसमोर किंवा शेजारी बाल्कनीचं सरकतं दार असतं. दुपारी उजेड येतो, माणूस Brightness चढवतो आणि सगळा काळा राखाडी होऊन बसतो. चढवायचा होता दिवा. इथेही तेच झालेलं. पन्नासवरून पासष्टवर नेलेली Brightness परत मूळ जागी आणली आणि Backlight वाढवला. सोबत वीजबचत आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे आपोआप बदलणारी सोय बंद केली. ती गेम मोडमध्येही चालूच असते आणि संध्याकाळ झाली की गेममधली गुहा आपसूक आणखी गडद होत जाते.

काळा नक्की कुठे बसवायचा हे अंदाजाने ठरवू नये. कन्सोलवरच्या यूट्यूबमधून काळ्या पट्ट्यांचं चाचणी चित्र लावायचं. त्यात जवळजवळ काळ्या रंगाच्या, अंक घातलेल्या, लुकलुकणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात. १६ म्हणजे पूर्ण काळा. १७ पासूनच्या पट्ट्या जेमतेम दिसायला हव्यात, १६ आणि त्याखालच्या दिसता कामा नयेत. टीव्हीतलं यूट्यूब चालणार नाही, कारण त्या चित्राची सेटिंगं वेगळी साठवलेली असतात. आणि व्हिडिओ लागताच टीव्ही गेम मोडमधून बाहेर पडला का, तेही बघायचं. पडला असेल तर एएलएलएम तेवढ्यापुरतं बंद करून Game हाताने लावायचं. दिवे मालवून बसलं तर १७ ची पट्टी श्वास घेतल्यासारखी लुकलुकताना दिसते. Brightness एक अंक खाली नेली की ती जाते, एक वर आणली की येते. ती पहिल्यांदा दिसते तीच जागा.

पट्ट्या २५ पर्यंत दिसतच नसतील, किंवा उलट १६ च्या खालच्याही लख्ख दिसत असतील, तर दोष Brightness चा नाही. तेव्हा कन्सोल आणि टीव्ही दोघं दोन भाषा बोलत असतात. कन्सोल ० ते २५५ ची पूर्ण मोजपट्टी पाठवतोय आणि टीव्ही १६ ते २३५ ची धरून चाललाय, म्हणून सावल्या काळ्यात बुडतात. उलट झालं तर सगळ्यावर धुकं पसरतं. कन्सोलवर RGB Range Automatic आणि टीव्हीवर एचडीएमआयच्या काळ्याची पातळी Auto, हे बहुतेक वेळा जुळतं. नाहीच जुळलं तर दोन्हीकडे हाताने एकच निवडायचं, Full तर दोन्हीकडे पूर्ण, Limited तर दोन्हीकडे मर्यादित. एकीकडे हाताने आणि दुसरीकडे Auto असं अर्धवट ठेवलं की कधीतरी सिग्नल बदलल्यावर पुन्हा धुकं येतं. या सगळ्याने मोजणीत काही बदललं नाही: १८.

शार्पनेसची कथा साधी. अक्षराच्या कडेला पांढरी झालर दिसते ती जाईपर्यंत खाली आणायचा. शून्य म्हणजे मऊ असं सगळीकडे नसतं. सॅमसंगमध्ये शून्य हे तटस्थ, सोनीमध्ये ५०. पण त्याआधी चित्र पडद्याबाहेर जात नाही ना ते पाहायचं: Screen and Video मधल्या Adjust Display Area मध्ये कोपऱ्यातल्या खुणा पूर्ण दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर टीव्ही चित्र थोडं ताणून दाखवतोय, म्हणजे ४के चा प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यात मिसळतोय. तसं असेल तर चित्राचा आकार Just Scan किंवा तत्सम मूळ मापावर न्यायचा. हा मऊपणा शार्पनेसने भरून निघत नाही.

गोंगाट काढणाऱ्या दोन्ही सोयी बंदच ठेवल्या. कन्सोलच्या चित्रात गोंगाट नसतोच, त्या केबल टीव्हीसाठी आहेत. डायनॅमिक कॉन्ट्रास्टही बंद, कारण तो उजळ दृश्यात सावल्या गिळतो. पडद्यामागचे दिवे झोनझोनने, म्हणजे भागाभागाने, मंद करणारं लोकल डिमिंग मात्र ठेवावं. या संचात ते Low वर होतं, Medium केलं, मोजणी १८ च राहिली. High वर मोठ्या पांढऱ्या अक्षरांमागे ढग दिसू लागले आणि कॅमेरा वळला की तो ढग किंचित मागे रेंगाळत यायचा. गेम मोडमध्ये फ्रेम अडवून ठेवायची सोय नसते, त्यामुळे दिवे चित्रामागून पळतात. कमी झोनच्या संचात हे जास्त जाणवतं.

एवढ्यावर साधं चित्र जवळजवळ Standard च्या तोडीला आलं आणि माझ्या मते पुढेच गेलं. एचडीआरचं प्रकरण वेगळं. एचडीआर सिग्नल येताच टीव्ही त्याच इनपुटवर, त्याच गेम मोडमध्ये, दुसरंच कपाट उघडतो. म्हणून आत्ताच Warm केलेलं चित्र एचडीआर गेम लागताच पुन्हा निळं झालं. गेम चालू ठेवूनच मेनू उघडायचा आणि रंगाचं तापमान, शार्पनेस, वीजबचत पुन्हा लावायची. Backlight आणि Contrast मात्र तिथे कमाल ठेवायचे, एचडीआरमध्ये उजेड किती असावा हे सिग्नलमध्येच सांगितलेलं असतं.

मग टीव्हीचं आपोआप टोन बदलणारं सेटिंग. निट्स हे पडद्याच्या उजेडाचं माप. एचडीआर गेम हजार निट्सचा सूर्य पाठवतो, टीव्हीला जमतात साडेतीनशे. कुणीतरी तो सूर्य दाबायला हवा. टीव्हीनेही दाबला आणि कन्सोलनेही दाबला की मधले रंग मरतात आणि दुपारचं आकाश ढगाळ दिसतं. एचजीआयजी पर्याय असेल तर तो निवडायचा, म्हणजे टीव्ही आपली मर्यादा आली की थांबतो आणि दाबायचं काम कन्सोलवर सोडतो. इथे तो पर्याय नव्हता, म्हणून आपोआप टोन बदलणारं बंद केलं. त्यानंतर Video Output मधल्या Adjust HDR मध्ये गेलो. पहिल्या दोन पडद्यांवर उजळ चौकोनातलं चिन्ह जेमतेम दिसेनासं होईल तिथे थांबायचं, तिसऱ्यावर काळ्यासाठी तसंच, बहुधा अगदी खाली. पहिल्या दोन पडद्यांवर कितीही वर गेलं तरी चिन्ह दिसतच राहतं, असं झालं तर टीव्ही अजून स्वतःहून दाबतोय. मागे जाऊन तेच आधी बंद करायचं.

त्याच पानावर HDR समोर On When Supported निवडलं. Always On ठेवलं तर कन्सोल साध्या गेमलाही एचडीआरच्या कपड्यात घालतो आणि आपण जुळवलेलं साधं चित्र कधी वापरातच येत नाही. गेम बदलताना पडदा सेकंदभर काळा होतो, तो दोष नाही. आणि एक स्पष्टच: साडेतीनशे निट्सच्या आतबाहेरच्या, झोन नसलेल्या संचावर एचडीआर लावल्याने चित्र सुधारतंच असं नाही. दिवा कमाल होतो आणि त्याबरोबर काळाही वर येतो. तिथे ते Off ठेवून नीट जुळवलेल्या साध्या चित्रावर खेळलेलं बरं.

१२० हर्ट्झचा, व्हीआरआरचा, म्हणजे फ्रेम येतील तसा स्वतःचा वेग बदलणारा संच असेल तर लॅग आणखी खाली जातो, कारण फ्रेमच ८.३ मिलिसेकंदांची होते. पीएस ५ चं व्हीआरआर ४८ ते १२० हर्ट्झमध्ये चालतं. पण काही जुन्या एलईडी संचांत ते चालू केलं की लोकल डिमिंग बंद पडतं, आणि ओलेडमध्ये फ्रेम दर हेलकावला की गडद भाग हलका लुकलुकतो. अशा संचावर साठाला घट्ट चिकटून चालणाऱ्या गेमसाठी व्हीआरआर बंद ठेवलं तरी चालतं.

गेम मोडमध्ये एक गोष्ट मात्र खरोखर परत मिळत नाही: ३० फ्रेमच्या गेममधली गुळगुळीत हालचाल. Standard मध्ये टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः भरत होता, आता कॅमेरा फिरवला की इमारती धक्के खात जातात. काही संच गेम मोडमध्येही थोडी हालचाल भरायची सोय देतात, सॅमसंगमध्ये Game Motion Plus. ती पुन्हा फ्रेम अडवते, म्हणजे ज्यासाठी हा सगळा उद्योग केला तोच वेळ परत जातो. इलाज कन्सोलकडे आहे. Saved Data and Game/App Settings मध्ये Game Presets, तिथे Performance Mode. गेममध्ये ती सोय असेल तर फ्रेम दर ६० होतो, चित्राचा थोडा तपशील जातो, पण धक्केही जातात आणि गेमचा स्वतःचा उशीरही कमी होतो.

शेवटी आवाज. चित्र ८७ मिलिसेकंद लवकर यायला लागलं, साउंडबार मात्र जुन्याच वेळेला बोलत होता, कारण त्याच्यावर आधी ओठांशी जुळवण्यासाठी उशीर लावलेला होता. तो शून्य केला. ब्लूटूथ इअरफोनवर मात्र पाऊल आधी दिसतं आणि मग ऐकू येतं. त्याला टीव्हीकडे इलाज नाही, कंट्रोलरच्या ३.५ मिमी जॅकला वायरचे लावावेत.

सगळं झाल्यावर त्याच ओळीवर, त्याच बटणाने पुन्हा दहा वेळा मोजलं. साध्या चित्रात १८, एचडीआरमध्ये १८. मग दोन्ही वेळच्या मेनूच्या पानांचे फोटो काढून ठेवले, कारण टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की ही कपाटं कधी कधी कारखान्याच्या स्थितीला जातात. मेनूत 'सर्व इनपुटना लागू करा' असा पर्याय समोर येतो, तो दाबला नाही. सेट-टॉप बॉक्सच्या इनपुटवर Standard होतं, ते तसंच ठेवलं. रात्री आठची मालिका तिथेच लागते.